फुटरमधली ओळ

सात रस्ता चौकात आम्ही नवराबायको वेबसाइट बनवायचो. मी सुमितला शंभरदा बजावलं होतं, "साइटच्या मूळ थीमला हात लावू नकोस, अपडेट आलं की तिच्यातले बदल पुसले जातात. आधी चाइल्ड थीम कर, बदल त्या वेगळ्या फाइलींत ठेव."

"करू की निवांत!"

आमच्या साइटच्या फुटरमध्ये, पानाच्या अगदी तळाशी, त्याने माझ्यासाठी एक ओळ लिहिली, तीही थेट मूळ थीमच्या फाइलमध्ये. बॅकअपही नाही. इतका कसला आळस!

उन्हाळ्यात तो अपघातात गेला. काल थीम आपोआप अपडेट झाली आणि ती ओळ पुसली गेली.

आज मीच चाइल्ड थीम केली, फुटरची फाइल तिच्यात उतरवली. आता कुठलंही अपडेट तिथलं काही पुसणार नाही. पण लिहू काय? त्याचे नेमके शब्द आठवेनात.

फुटरमधल्या विजेटचा, त्या छोट्या चौकटीचा, मजकूर थीममध्ये नाही, डेटाबेसमध्ये असतो, म्हणून तेवढा अपडेटमधून वाचला होता: "काही अडलं तर सुमितला फोन करा."