मेघालीच्या अंगाचा मिडियम

पुन्हा दोन कुरते परत आले. तक्रार तीच: मिडियम मागवला, छातीत घट्ट होतो. टेमघरच्या आमच्या वरच्या खोलीत परतीच्या पाकिटांची चळत वाढत होती आणि माझं डोकं फिरत होतं.

"कापड आटतंय, बाय," गुणाबाई म्हणाली. कोन गावाहून येऊन तीच आमचं सगळं बेतते, शिवते. "माझा हात न्हाय चुकत."

नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मनात म्हटलं.

माझी धाकटी जाऊ मेघाली ऑनलाइन ऑर्डरी बघते. "ताई, आपण नुसतं एस, एम, एल लिहितो," ती म्हणाली. "नीट चार्ट करूया. एका रकान्यात अंगाचं माप, दुसऱ्यात कपड्याचं. लोकांची तिथंच गल्लत होते."

मी टेप घेऊन बसले. आधी एक नवा कुरता मोजला, धुतला, वाळवून पुन्हा मोजला. जराही आटला नव्हता. मग नवा मिडियम टेबलावर सपाट पसरला, छाती काखेपासून काखेपर्यंत मोजून दुप्पट केली. सदतीस इंच. गेल्या वर्षीचा शिल्लक मिडियम काढला. चाळीस.

"गुणाबाई, मिडियमचा कागदी फर्मा कुठंय?"

"फर्मा कशाला? दर खेपेला मेघालीबायच्या अंगावरच बेततंय ना."

मी मेघालीकडे पाहिलं. ती पाकिटं आवरू लागली. "ताई, जुनंच लिही. अंग छत्तीस, कुरता चाळीस."

"इकडे ये."

ढगळ गाऊनवरून टेप लावला तरी छाती तेहेतीसच भरली. बोटांना तिच्या फासळ्या लागल्या.

"मी इचारलं व्हतं," गुणाबाई हळूच म्हणाली. "उपास हायत म्हनली."

"आणि तुम्ही ऐकलंत?" मी खेकसले. लगेच लाज वाटली. एका चुलीवरचं जेवणारी मी, मला तरी कुठं दिसलं होतं?

"काखेत गाठ आहे," मेघाली म्हणाली. "दिवाळीच्या ऑर्डरी होऊन जाऊ देत म्हटलं."

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय. मला तिचा राग आला, गुणाबाईचा आला, सगळ्यात जास्त माझा.

जुन्या कुरत्यावरून आम्ही कागदी फर्मा कापला आणि चार्ट टाकला. खाली लिहिलं: तुमचा नीट बसणारा कुरता सपाट पसरून मोजा, मग साइज निवडा. कुरते परत येणं जवळपास थांबलं.

मेघालीनं हॉस्पिटलातून फोनवर चार्ट पाहिला. "छान झालाय गं. पण एसच्या वर एक ओळ घाल ना. मी यात कुठंच बसत नाही."

मी ओळ घातली. गुणाबाईनं त्या मापाचा एक कुरता शिवला. पुढे तिचं अंग भरलं की उसवून मोठा करता यावा, म्हणून शिवणीत भरपूर कापड सोडलं.

पुढच्या महिन्यात तो कुरता मी दोन्ही बाजूंनी टीप मारून आत घेतला.