पंचाची सही

कल्पनाला सही करायची भारी हौस. सातवी पास झालेली बाई, जामखेडकडची, नवऱ्यामागं घोटावड्यात येऊन नऊ वर्षं झालेली. पण सहीचा डौल बघावा तर एखाद्या हेडमास्तरणीचा! 'क'ला मोठ्ठा वळसा, शेवटी खाली एक रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. बचत गटाच्या वहीत बाकीच्या बायकांचे अंगठे, नाहीतर कशीबशी ओढलेली अक्षरं. त्यांच्यात कल्पनाची सही उठून दिसायची. अहो, माणसाला कशाचा तरी अभिमान असतो. तिला याचा होता. आणि तिथंच ती फसली.

२००४ सालातली गोष्ट. नरहरी, म्हणजे तिचा नवरा, पिरंगुटच्या एका कारखान्यात कंत्राटदाराकडं हेल्पर. पगार सव्वीसशे. ही घरी बसून ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल-पिको करायची. लग्नसराईत बरं चालायचं, एरवी महिन्याला पाचशे सुटले तरी देवाची कृपा म्हणायची. राहायला हैबतरावांच्या चाळीतली दोन नंबरची खोली. हैबतरावांच्या अशा नऊ खोल्या, शिवाय भातखाचरं, आणि कारखान्याला भाड्यानं लावलेले दोन टेम्पो. माणूस बोलायला गोड. कल्पनाला कायम 'वैनी' म्हणायचा.

त्यांची सुलक्षणा आणि कल्पनाची सायली एकाच कॉलेजात, एकाच वर्गात. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष नुकतंच झालेलं. सायलीला एकाहत्तर टक्के, सुलक्षणाला चौसष्ट. दोघी एकाच एसटीनं जायच्या, एकीच्या डब्यातलं दुसरी खायची. सुलक्षणाचे ड्रेस कल्पनाच शिवायची, आणि शिलाई घेताना दरवेळी 'असू दे हो, घरचंच आहे' म्हणायची. खुळी कुठली!

दुसऱ्या वर्षाची फी भरायची झेप काही नरहरीची नव्हती. पहिल्या वर्षाला कल्पनाचे कानातले गेले होते, आता मोडायला काही उरलं नव्हतं. सायलीनंच बातमी आणली. कॉलेजची संस्था प्रत्येक वर्गात दोघांना फी माफ करते. साठ टक्क्यांच्या वर गुण हवेत, घरचं वर्षाचं उत्पन्न पन्नास हजारांच्या आत हवं, आणि त्यातून गुणांप्रमाणे पहिले दोन. अर्जाला गुणपत्रिका, रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडायचा. खोटे दाखले फार येतात म्हणून संस्थेनं आणखी एक अट घातलेली: दाखला ज्या पंचनाम्यावरून निघाला, त्या तलाठ्याच्या पंचनाम्याची झेरॉक्सही सोबत पाहिजे.

"आई, वर्गात माझ्या वर एकच मुलगा आहे," सायली म्हणाली. "दुसरा नंबर माझाच. दाखला तेवढा काढू या."

पंचनामा म्हणजे काय, तर गावातल्या दोन जाणत्या माणसांनी सांगायचं की या घराची कमाई इतकी इतकी आहे, आणि खाली सही ठोकायची. पगाराची चिठ्ठी असली तरी बाकीची कमाई पंचच सांगतात. तलाठी त्यावर अहवाल देतो, आणि पौडला तहसील कचेरीत दाखला निघतो. भाडेकरूला गावात पंच कोण मिळणार? कल्पना अर्थातच हैबतरावांकडं गेली.

"अवो वैनी, त्यात काय एवढं!" ते म्हणाले. "मी हाय, माझा चुलतभाऊ हाय. आमच्या सुलीचाबी दाखला काढायचाच हाय, दोघींचं एकदमच करू. तुमी आमचं पंच व्हा, आमी तुमचं. तुमची सही बी झ्याक हाय."

कल्पना हरखलीच. पंच! भाडेकरीण, त्यातून बाईमाणूस, आणि गावात पंच! तिनं पदराला हात पुसले आणि हैबतरावांनी पुढं केलेल्या छापील कागदावर, जिथं बोट ठेवलं तिथं, वळसा देऊन, रेघ ओढून, दोन टिंबं देऊन सही केली.

"वरचं कोरं आहे," ती म्हणाली.

"तलाठीभाऊसाहेब सांगतील तसं भरायचं असतंय. गावात सगळी अशीच करत्यात."

ते खरंच होतं. गावात सगळे असंच करत. नरहरीनंही प्रतिज्ञापत्रावर अशीच कोऱ्यावर सही दिली. सायलीनं अर्ज भरला, उत्पन्नाचा रकाना तेवढा मोकळा ठेवला. दाखला आला की आकडा घालायचा. "तुमी कशाला पौडाला हेलपाटं घालता? मी जातोय न्हवं," म्हणत हैबतराव दोघींचे कागद एकाच पिशवीत घालून घेऊन गेले. दाखले निघाले, परस्पर कॉलेजात जमाही झाले. कल्पनानं त्या दिवशी त्यांच्या घरी वाटीभर शिरा पाठवला.

पंधरा दिवसांनी कॉलेजच्या फळ्यावर यादी लागली. पहिला तो मुलगा. दुसरी सुलक्षणा.

सायली घरी आली, दप्तर खुंटीला लावलं. मग एकदम म्हणाली, "आई, काहीतरी चूक झालीय. तू चल."

दुसऱ्या दिवशी मायलेकी कॉलेजच्या कचेरीत उभ्या. तिथले चंद्रकांत सर, म्हणजे फीचं काम बघणारे कारकून, सरळ माणूस. त्यांनी फाइल काढली. "बाई, तुमचा अर्ज छाननीतच बाद झालाय. उत्पन्न पंचावन्न हजार दोनशे. मर्यादा पन्नासची."

"पंचावन्न?" कल्पनाला वाटलं, हे दुसऱ्याच कुणाचं वाचतायत.

सरांनी पंचनामा पुढं सरकवला. 'नोकरी: एकतीस हजार दोनशे. पत्नीचा शिलाई व्यवसाय: चोवीस हजार.' खाली हैबतरावांची आणि चुलतभावाची सही. अक्षरही हैबतरावांचंच; भाड्याच्या पावतीवर ती ते दर महिन्याला बघायची. महिन्याला दोन हजारांची शिलाई! ज्यानं स्वतःच्या लेकीच्या ड्रेसची शिलाई कधी पुरती दिली नाही, त्यानं लिहिलेली!

"सर, मग सुलक्षणाचं उत्पन्न किती आहे?" सायलीनं विचारलं.

"तसं दुसऱ्याचं दाखवता येत नाही," सर म्हणाले. मग पोरीच्या तोंडाकडं बघून त्यांनी ती फाइलही उघडली. "चोवीस हजार. सातबारा आजोबांच्या नावावर, रेशनकार्ड वेगळं आणि केशरी."

"आणि टेम्पो? नऊ खोल्या?" सायलीनं विचारलं.

"टेम्पो मेहुण्याच्या नावावर, असं लिहिलंय. खोल्यांचा कागदोपत्री पत्ताच नाही. कागद बरोबर आहेत, बाई. पंचांनीही तसंच सांगितलंय."

सायली वाकून वाचत होती. वाचता वाचता थांबली. तिनं बोट ठेवलं. चुलतभावाच्या सहीच्या वर, एक मोठ्ठा वळसा, एक रेघ आणि दोन टिंबं.

"हे तू लिहून दिलंस?" ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "हैबतकाकांची कमाई बाबांपेक्षा कमी आहे, असं तू सांगितलंस?"

"अगं, कोरा होता कागद..."

"कोऱ्यावर सही केलीस?"

कल्पनाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्या सहीचा एवढा तोरा मिरवला, ती सही पोरीच्या मुळावर उठली होती. हैबतरावानं केसानं गळा कापला खरा, पण सुरी तिनंच परजून दिली होती.

संध्याकाळी ती तडक हैबतरावांच्या दारात. ते ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. सुलक्षणा आत होती. कल्पनाचा आवाज ऐकून तिनं आतूनच दाराला कडी घातली.

"वैनी, दोन जागा व्हत्या," ते शांतपणे म्हणाले. "तुमची पोर हुशार हाय, तिला कुटंबी मिळंल. आमच्या सुलीला स्थळं बघायचीत, कॉलेजनं माफी दिली म्हटलं की नाव हुतंय."

"नाव? एवढ्यासाठी माझ्या पोरीचं वर्ष घालवलंत?"

"आवाज चढवू नका. आन् हे बगा, सही करताना माणसानं वाचायचं असतंय. मी काय तुमचा हात धरला व्हता?"

खरं तेवढंच तर बोलला होता मेला!

रात्रभर नरहरी सांगत होता, गप राहा, खोली जाईल. ती गप राहिली नाही. सकाळी कॉलेजात जाऊन तिनं लेखी हरकत दिली: हा पंचनामा खोटा आहे, मी कोऱ्या कागदावर सही केली, ती माझी चूक. चंद्रकांत सर म्हणाले, "बाई, यात तुम्हीही अडकता." ती म्हणाली, "अडकू दे." त्या कागदावर मात्र सही करण्याआधी तिनं तो तीन वेळा वाचला.

चौकशी झाली. संस्थेनं सुलक्षणाचं नाव काढून टाकलं. आणि ती जागा गेली यादीतल्या तिसऱ्या पोराला, रिहे गावच्या कुणा एकाला.

"असं कसं?" कल्पना सरांच्या टेबलाला धरून म्हणाली.

"तुमच्या दाखल्यावर पंचावन्न हजार आहेत तोवर सायली बादच. तो दुरुस्त करायचा तर तलाठ्याकडं नवा पंचनामा हवा, नवे दोन पंच हवेत. फीची मुदत आठ दिवस. तेवढ्यात आणलात तर मी स्वतः प्राचार्यांशी बोलतो, एक जादा जागा मागून बघतो."

दोन पंच. अख्ख्या गावात दोन माणसं! कल्पनानं उंबरे झिजवले. शेजारच्या खोलीतल्या साळूबाईनं पहिल्याच हाकेला अंगठा उठवला, तोही "आदी वाचून दाव" म्हणून. पण दुसरं कुणी मिळेना. तोंडावर 'नाही' कुणीच म्हटलं नाही. कुणी म्हणालं उद्या बघू, कुणी म्हणालं हैबतरावांना एकदा विचारतो, आणि कुणी म्हणालं, "बाई, तुमी सही करून नंतर उलटता. उद्या आमाला कोर्टात उभं कराल." जिला हैबतरावानं गोड बोलून पंच केलं होतं, त्या बाईचाच आता भरवसा उरला नव्हता. आठवा दिवस उगवला आणि मावळला. दुसऱ्या पंचाची रेघ मोकळीच राहिली.

महिनाअखेर त्यांनी खोली सोडली, पिरंगुटात एक घेतली. सायली तिथल्याच एका कारखान्यात पॅकिंगला लागणार होती. पुढच्या वर्षी बघू, असं नरहरी म्हणाला. कामाचा फॉर्म घेऊन पोर दारात बसली होती. एकेक ओळ बोट ठेवून वाचली, एकही रकाना मोकळा ठेवला नाही. शेवटी होतं: पालकाची सही.

कल्पना पीठ मळत होती. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि पेनासाठी हात पुढं केला.

सायलीनं फॉर्म दुमडला.

"राहू दे आई," ती म्हणाली. "बाबा आले की त्यांची घेते."