बारा सहा

हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कायम होणाऱ्यांची यादी लागली, तीत माझं नाव नव्हतं. धाकट्या जावेचं होतं. तीस जूनला पुरी दहा वर्षं झालेल्यांनाच घ्यायचं, उरलेल्यांना परत ठेकेदाराच्या हवाली करायचं, असा नियम. माझ्यामागून सहा महिन्यांनी आलेली ही बया पुढे गेली कशी? तडक ऑफिसचा जिना चढले. गुडघे कुरकुरले, मी ऐकून घेतलं नाही.

कारकून चहात बिस्किट बुडवत होता.

"मावशी, तुमच्या ओळीत एरर आलाय. म्हणून वगळलं."

"एरर माझ्या ओळीत, का तुझ्या डोक्यात?"

त्याने पडदा माझ्याकडे वळवला. "हे डेटडिफ. रुजू झाल्याची तारीख आणि तीस जून दिलं की मधली वर्षं-महिने काढतं. रुजू तारीख त्याच्याही पुढची असली की एरर देतं. तुमचं साल पंधराऐवजी एक्कावन्न पडलंय."

"म्हणजे मी अजून कामाला लागायचीच आहे? मग ही हातांची सालटी कुणाची गेली रे?"

तो हसला. साल सुधारलं. मग हसू गेलं. "नऊ वर्षं सहा महिने. नाही बसत, मावशी."

शाळा माझी दुसरीतच सुटली, पण महिने बोटांच्या पेरांवर मोजता येतात. बारा जूनला लागले. जून ते जून, दहा.

"ती तारीख अक्षरांत दाखव."

त्याने दाखवली. सहा डिसेंबर.

"मी बारा सहा टाकलं होतं," तो पुटपुटला. "मशीन महिना आधी धरतंय. बाराचा डिसेंबर झाला."

तारीख नीट टाकली. दहा वर्षं, शून्य महिने. मी खुर्चीत बसले, कुणी बस म्हणण्याआधीच.

"बाकीच्याही तारखा उलटल्या असतील," तो म्हणाला. "सगळ्या परत टाकायला हव्यात. का तुमचीच सुधारून यादी वर पाठवू?"

तेव्हा मला उमगलं. धाकटी लागली ती सहा डिसेंबरला. सहा बारा. मशीनने तिला माझा जून देऊन टाकला होता. गप्प बसले असते तर दोघीही कायम. पण तिच्याआधी लागलेल्या किती जणी अशाच उलट्या लटकल्या असतील?

"सगळ्यांच्या बघ," म्हटलं.

त्याला तासभर लागला. चार बायका यादीत आल्या. धाकटी बाहेर गेली.

तिने ते कागदावर वाचण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकावं, म्हणून खाली गेले. ती इस्त्रीच्या टेबलाशी होती.

"ताई, झालं का तुमचं?"

"झालं. तुझं मोजताना चुकलं होतं. सहा महिने कमी पडतात."

तिने इस्त्री उभी ठेवली. "कुणी काढलं शोधून?"

खोटं मला पुष्कळ येतं. घर त्याच्यावरच चालवलं. पण फार दमले होते.

"मी," म्हटलं.