घराण्याचा तीळ

"मुरूम घालवा, खड्डे घालवा, पण तीळ ठेवा. तो आमच्या घराण्याचा आहे," भाचीला फोटो काढायला घेऊन आलेली आत्या म्हणाली आणि स्वतःच्या गालावरचा तसाच तीळ दाखवला.

मला हे शिकवायची गरज नव्हती. चेहरा घासूनपुसून माणसाचं उकडलेलं अंडं करणाऱ्या फोटोवाल्यांचा मला रागच येतो. फोटो काढून मी संगणकावर शेजारच्या चांगल्या त्वचेचा पोत घेऊन एकेक मुरूम झाकला, खड्ड्यांतली सावली हलकी केली, बारीक रंध्रं तशीच राहू दिली. मग सवयीप्रमाणे ताडून पाहायला भाचीचा जुना फोटो मागितला. मुरूम येतो-जातो, तीळ जागा सोडत नाही.

या तिळाने सोडली होती. जुन्या फोटोत तो उजव्या गालावर होता, आजच्या फोटोत डाव्या. फोटो उलटाही नव्हता, शर्टावरची अक्षरं सरळ होती.

आत्या पाणी प्यायला उठली, तेव्हा मी भाचीला विचारलं.

"भुवयांच्या पेन्सिलीने काढते," ती कुजबुजली. "एकदा गंमत म्हणून काढला, तर पोरगी माझ्यावर गेली म्हणून आत्या गावभर सांगत सुटली. मग पुसायचा धीरच झाला नाही. आज घाईत गाल चुकला."

मी गुपचूप तीळ उजवीकडे हलवला.

आत्याने फोटो पाहिला. "हुबेहूब मी," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. तिने रुमालाने गाल पुसले आणि तिचा तीळ रुमालावर उतरला.

भाचीने पर्समधली पेन्सिल काढून आत्याच्या हातात ठेवली.