ऑरगॅनिक कोण शिकवतं

सिल्वासातल्या त्या कॉलेजात नव्या मुलांच्या स्वागताला आता ‘दीक्षारंभ’ म्हणतात. नाव वरून आलं. खाली फरक एवढाच पडला, की पूर्वी चहाबरोबर नुसती बिस्किटं असायची, आता खमणही असतं. बाकी सगळं तसंच. प्राचार्य शिस्तीवर बोलतात, ग्रंथपाल कार्ड हरवू नका म्हणून बजावतात, आणि मग एकेक विभागप्रमुख आपापल्या विभागाची ओळख करून देतो. प्रत्येकाला दहा मिनिटं. फिजिक्सवाले पंचवीस घेतात, कारण त्यांचे प्रमुख न्यूटनपासून सुरू करतात.

केमिस्ट्रीचे जयवंत सर मात्र दहा मिनिटांतच आटपायचे. त्यांचं भाषण वर्षानुवर्षं एकच होतं. गाव मालवणकडचं, नोकरीची सगळी हयात सिल्वासात गेलेली, त्यामुळे हिंदी बोलले तरी वळण मालवणीच, आणि मध्येच एखादं गुजराती ‘बराबर छे’ असायचं. क्रम ज्येष्ठतेचा. आधी स्वतः, फिजिकल केमिस्ट्री. मग इनऑरगॅनिकचे योगेश सर. मग ऑरगॅनिकच्या नलिनी मॅडम. शेवटी प्रयोगशाळा सांभाळणारे नारायणभाऊ, ज्यांना टाळ्या सगळ्यांत जास्त पडायच्या, कारण खुर्चीवरून उठून त्यांच्यासारखा नमस्कार कुणाला जमत नसे. ज्याचं नाव घेतलं त्यानं उभं राहायचं, हात जोडायचे, बसायचं.

भानगड होती ती नलिनी मॅडमच्या नावाची. त्या तिथं नव्हत्याच.

दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हे दोन केंद्रशासित प्रदेश एक झाले, तेव्हा दमणच्या कार्यालयात माणसं कमी पडली. नलिनी मॅडमना प्रतिनियुक्तीवर तिकडे पाठवलं. दोन वर्षांसाठी. जायच्या आदल्या दिवशी त्या प्रयोगशाळेत आल्या, आपला पांढरा कोट खुंटीला अडकवला आणि म्हणाल्या, “सर, ओळखीतून माझं नाव काढू नका हं. येतेच परत.” जयवंत सरांनी मान हलवली. त्यांना आणखी काही बोलायचं होतं. ते बोलायला त्यांच्याकडे आधीची बारा वर्षं होती आणि तेवढी कमी पडली होती.

त्यांनी नाव काढलं नाही. दोन वर्षांची मुदत वाढली, पुन्हा वाढली. दर दीक्षारंभाला पडद्यावर मॅडमचा फोटो यायचा आणि सर म्हणायचे, “ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवतात डॉक्टर नलिनी मॅडम. सध्या प्रतिनियुक्तीवर आहेत, लवकरच परत येतील.” कुणी विचारलं तर उत्तर तयार असे. प्रतिनियुक्तीवरच्या माणसाचा मूळ जागेवरचा हक्क शाबूत राहतो. नाव काढलं तर जागा रिकामी दिसेल, आणि रिकामी जागा फार दिवस राहिली की सरकार ती जागाच गुंडाळून टाकतं. आपण विभागाची जागा राखतोय. हे सगळं नियमाला धरून होतं. माणसाला मनातलं झाकायला नियमासारखं पांघरूण नाही.

आता मुलांपुढं ऑरगॅनिकचा कुणीतरी चेहरा हवा. शिकवत होती शीतल. जवळच गलोंड्याला एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात वडील, मूळ घर धुळ्याकडचं, एम.एस्सी.ला पहिली आलेली. मॅडमच्या जागेवर अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर लागली आणि दरवर्षी पुन्हा लागत राहिली. पडद्यावर तिची ओळ नव्हती. पहिल्याच वर्षी मॅडमचं नाव पुकारल्यावर हॉलमध्ये कुणी उठेना, तेव्हा प्राचार्यांनी शीतलला डोळ्यांनी खुणावलं. ती उठली, नमस्कार केला, बसली. पुढं तो रिवाज पडला. ‘सध्या प्रतिनियुक्तीवर आहेत’ हे शब्द येईपर्यंत टाळ्या सुरू झालेल्या असत, ते कुणाला ऐकू जात नसत. परिणाम असा, की पडद्यावरचा फोटो जुना असेल असं धरून कॉलेजातली निम्मी मुलं शीतलला नलिनी मॅडम म्हणत. तीही ओ द्यायची. योगेश सर चिडवायचे, “काय नलिनीबाई, दमणची हवा काय म्हणते?” ती म्हणायची, “खारट.”

आणि यंदा, दीक्षारंभाच्या आदल्या दुपारी, नलिनी मॅडमचा फोन आला.

इकडतिकडचं झालं. नारायणभाऊंचा गुडघा, योगेश सरांची मुलगी. मग त्या म्हणाल्या, की तिकडेच कायम सामावून घ्यायला त्यांनी होकार दिला आहे आणि मंजुरी आली आहे. म्हणजे इथला हक्क संपला. जागा आता खरीच रिकामी, जाहिरात निघेल. हे सगळं त्या सरळ सुरात बोलल्या. सरांनीही सरळ सुरातच अभिनंदन केलं.

“उद्या माझं नाव घेऊ नका, सर.”

“नाही घेणार.”

“तुम्ही घ्याल.”

सरांनी फोन ठेवला. दमण इथून तासाभराच्या वाटेवर. इतक्या वर्षांत सर तिकडे एकदाही गेले नव्हते. एक तर काम नव्हतं, आणि नुसतं भेटायला जायचं म्हणजे कारण सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी ते कॉम्प्युटरपुढं बसले. मॅडमची स्लाइड समोर होती. फोटो जुना, वनगंगा बागेत कॉलेजची सहल गेली होती तेव्हाचा. चौकटीच्या कडेला कापलेला जो खांदा शेजारी दिसत होता, तो सरांचा. एक बटण दाबलं की काम होणार होतं. सरांनी कॉम्प्युटर बंद केला आणि स्वतःला समजावलं, की सकाळी शीतल करील. सकाळी शीतलला सांगायचं राहून गेलं. सांगायचं राहून जाणं ही सरांची जुनी हातोटी होती.

हॉल भरला. खानवेलकडून आलेल्या वारली मुली पहिल्या रांगेत ओढण्या सावरत, कारखान्यांच्या वसाहतीतली पोरं मागं, एकमेकांशी एका वाक्यात तीन भाषा बोलत. फिजिक्सनं न्यूटन संपवला. जयवंत सर माइकपाशी गेले. शीतल नेहमीसारखी रिमोट घेऊन खुर्चीच्या टोकावर बसली होती. स्लाइडही तीच सरकवायची आणि उठायचंही तिनंच.

सरांनी स्वतःची ओळख दिली. फिजिकल केमिस्ट्री, म्हणजे क्रिया कुठवर जाते, किती वेगानं जाते आणि कुठं थांबते. योगेश सर उठले, बसले. इनऑरगॅनिक, धातू आणि त्यांची संयुगं. पहिल्या सत्राची क्षार ओळखण्याची प्रॅक्टिकलंही तेच घेतात.

“ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवतात...”

पडद्यावर नलिनी मॅडम आल्या. त्याच हसऱ्या, शेजारी तोच कापलेला खांदा. सरांच्या घशाशी नाव आलं. इतक्या वर्षांचं तोंडपाठ नाव, आणि ते घेतलं की आणखी एक वर्ष मिळत होतं. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. कार्यालयातल्या कागदांखेरीज कुणाला कळणारही नव्हतं.

तेवढ्यात शीतल उठली. नावाची वाट न पाहता, नुसत्या विषयावर. हात जोडून, मान किंचित झुकवून, दुसऱ्या बाईच्या नावासाठी ती उभी राहिली. सरांनी तिच्याकडे पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं. तिच्या कानाशी एक पांढरा केस होता. ही आली तेव्हा पोरगी होती.

“शीतल,” सर म्हणाले. आणि अडले. तिच्या हजेरीवर, तिच्या दरसालच्या ऑर्डरवर त्यांनी सह्या केल्या होत्या, पण ते नाव पुरतं कधी जिभेवर आलंच नव्हतं. माइक बंद करायचं भान राहिलं नाही. त्यांनी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं, “आडनाव काय गं तुझं?”

“बोरसे, सर.”

“प्राध्यापक शीतल बोरसे,” सर म्हणाले. मागच्या दारात उभ्या असलेल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींत कुजबुज झाली. सोनी नावाची एक मुलगी मैत्रिणीला जरा मोठ्यानंच म्हणाली, की मग नलिनी मॅडम कोण? सरांना ते ऐकू आलं. ते पुढं बोलत राहिले, आणि जीभ सवयीच्या वाटेनं निघाली. “सध्या प्रतिनियुक्तीवर आहेत, लवकरच परत येतील.”

हॉल हसला. नवी मुलं हसली, योगेश सर हसले, नारायणभाऊंनी रुमाल तोंडाला लावला. सर हसले नाहीत. आपण काय बोललो ते त्यांना टाळ्यांशिवाय, पहिल्यांदाच नीट ऐकू आलं होतं.

शीतल उभीच होती. ती फक्त सरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “सर, मी इथेच आहे.”

“हो,” सर म्हणाले. मग माइकवर, हिंदीत, सावकाश: “या इथेच आहेत. पहिल्या सत्रापासून त्याच शिकवतील. जे शिकवून गेले ते गेले.” शेवटचं वाक्य भाषणात नव्हतं. शीतलनं बटण दाबलं आणि स्लाइड पुढं सरकली. नारायणभाऊंचा फोटो आला, टाळ्या कडाडल्या.

ओळखीनंतर ऑरगॅनिकतर्फे एक गंमत करायची, हा नलिनी मॅडमचा रिवाज. आयसोअमाइल अल्कोहोल, अॅसिटिक आम्ल, चार थेंब सल्फ्युरिक, जरा गरम करायचं, सोड्याच्या पाण्यात ओतायचं, की पिकल्या केळ्याचा वास सुटतो. वरचा थर कापसावर घेऊन तो रांगांतून फिरवायचा आणि ओळखा म्हणायचं. मॅडम गेल्यावर शीतलनं तो चालू ठेवला होता. वर्षाकाठी एक दिवस हॉलमध्ये केळं दरवळायचं, आणि त्या दिवशी जयवंत सर हॉलमधून लवकर निघत नसत.

यंदा कापूस फिरत फिरत सरांपाशी आला. त्यांनी डोळे मिटून हुंगला. केळं नव्हतं. दुखऱ्या पाठीला चोळायच्या मलमाचा झणझणीत वास होता. पहिल्या रांगेतली एक मुलगी म्हणत होती, की हा आमच्या आईचा वास, रात्रपाळीहून आल्यावरचा. शीतल तिला मेथिल सॅलिसिलेट फळ्यावर लिहून दाखवत होती.

“या वर्षी केळं नाही केलं?” सरांनी नंतर विचारलं.

“केळं मॅडमचं होतं, सर,” शीतल म्हणाली. “मी कालच हे करून ठेवलं होतं. तुम्ही नाव कुणाचंही घेतलं असतंत, तरी.”

सर प्रयोगशाळेत आले. खुंटीवर कोट होता. मागच्या कपाटात मॅडमच्या अक्षरातली चिठ्ठी लावलेली एक लहान बाटली त्यांनी जपून ठेवली होती, केळ्याची. बूच काढून पाहिलं. आत ओल शिरली असावी. व्हिनेगरसारखा आंबट वास आला. केळ्याचा वास देणारं ते संयुग, एस्टर, मोडून पुन्हा आम्ल झालं होतं. ही क्रिया दोन्ही दिशांना जाते, हे ते स्वतःच दरवर्षी शिकवत. परत येण्याचं मात्र असंच असतं, परत येतं ते निराळंच काही.

फोन वाजला. दमणचा नंबर.

“घेतलंत ना माझं नाव?”

“नाही घेतलं.”

मग मॅडम म्हणाल्या, “बरं केलंत.” त्यांच्या आवाजात बरं असं काही नव्हतं, आणि ते सरांना इतक्या वर्षांनी, एका तासाच्या वाटेवरून, अगदी स्वच्छ ऐकू आलं.

“मॅडम,” सर म्हणाले, “तुमचा कोट इथं राहिलाय. पोचवायला येऊ का?”