झिजलेला सुळा

सेनगावकडच्या एका पडक्या विहिरीतला गाळ उपसताना माणसाची कवटी निघाली आणि तिचं वय सांगायचं काम दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरांकडे, तातेरावांकडे आलं. बाहेर बाकड्यावर तांड्यावरची जिवनबाई बसून होती. तिचा चोवीस वर्षांचा पेमा दोन वर्षांपासून बेपत्ता होता. डीएनएचा अहवाल यायला महिने लागणार, आणि तेवढा धीर आईनं आणायचा कुठून?

तातेरावांना आपल्या कामाची भारी ऐट. वरचा डावा सुळा समोर दिसला, त्याचाच एक्स-रे काढला. दाताच्या आत मगजाची, म्हणजे मऊ गराची, पोकळी असते. वय वाढतं तसे तिच्या भिंतींवर आतून थर चढतात आणि ती आक्रसत जाते. त्यांनी संगणकावर आधी अख्ख्या दाताची कड आखली, मग पोकळीची, आणि दोन्ही क्षेत्रफळांचं गुणोत्तर काढलं. दाताच्या मानानं पोकळी अगदीच दोऱ्याएवढी. हिशेबानं वय पन्नाशीच्या आसपास आलं. सुळ्याचं टोकही घासलेलं होतं. वयानंच घासलं असणार, असं म्हणून स्वारी मोकळी झाली.

"मावशी, हा तुमचा पेमा नाही," त्यांनी बाहेर येऊन सांगितलं. "हा माणूस पन्नाशीचा होता."

जिवनबाई रडली ती आनंदानं. लगेच लेकीला फोन लावला. मग डॉक्टरांच्या पाया पडली आणि तिच्या तोंडाला खळ राहिला नाही.

"मह्या पेमाचे दात लई मजबूत, साहेब. जवळा बाजारला आडतीवर पोती शिवायचा. सुतळी दातानंच तोडायचा. मी म्हनायची, काहून रे, कैची न्हाई का? तर हसायचा निस्ता. या अंगानंच तोडायचा, बघा." तिनं डाव्या सुळ्यावर बोट ठेवलं.

तातेरावांना मघाचं घासलेलं टोक आठवलं. सतत घासला जाणारा दात स्वतःला जपायला आतून जास्तीचा थर चढवतो, मग पोकळी वयाआधीच बुजते. म्हणून या मापाला झिजलेला दात घ्यायचा नसतो. हे शिकलेलं होतं, तरी चुकले. त्यांना स्वतःची चीड आली.

आत जाऊन त्यांनी उजवा सुळा घेतला. टोक शाबूत, पोकळी चांगली रुंद. हिशेब पंचविशीच्या आसपास आला. या पद्धतीत पाचसात वर्षं इकडेतिकडे होतात, पण पंचवीस नाही.

बाहेर पाय निघेना. तरी गेले.

"मावशी, मघाशी माझं चुकलं. तो दात कशानंतरी झिजलेला होता. दुसरा बघितला. हा माणूस तरणा होता. नक्की काय ते डीएनए सांगेल, पण तुम्ही..."

जिवनबाईनं त्यांचा हात घट्ट धरला.

"न्हाई साहेब. तुमी मोठे डाक्टर. पयलं बराबर मोजलं व्हतं तुमी. पन्नासच म्हना ना."