सहाव्या माशाचे दोन खवले

रांगोळीच्या क्लासच्या बाई पुस्तक काढणार होत्या आणि फोटो बघून कृती लिहायचं काम त्यांनी मला दिलं होतं. मला, म्हणजे नववीतल्या मुलीला! महिनाभर मी जमिनीवर चालतच नव्हते.

"भिंगरी, वाचणाऱ्याला फोटो दिसतच नाही असं समजून लिही," बाई म्हणायच्या.

त्या दिवशी त्यांनी एकतिसावा फोटो पुढे सरकवला. तिरका काढलेला, त्यामुळे वरच्या ओळी दाटलेल्या. अशा वेळी अंतरं मापायची नाहीत, ठिपके मोजायचे. सहाही कडांवर सात-सात ठिपके उघडे होते. म्हणजे तेरा ते सात, मधले ठिपके : प्रत्येक ठिपका शेजारच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. मी लिहीत सुटले : 'मधल्या ओळीत तेरा ठिपके. वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी, सातपर्यंत. मधल्या ओळीतल्या सातव्या ठिपक्याभोवती सहा पाकळ्या. तिथून उजवीकडे दुसऱ्या ठिपक्यावर माशाचं तोंड, पाचव्यावर पोट संपतं, सहाव्याशी शेपूट खाली वळते. पोटात तीन खवले. शेपट्या सगळ्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळलेल्या, त्यामुळे अर्ध्यावर आरसा ठेवून जुळणार नाही. एक मासा काढा आणि कागद फिरवत तोच सहा वेळा…'

सहा वेळा लिहिण्याआधी सहाही मासे तपासायचे, हा बाईंचाच नियम. उजव्या हाताच्या खालच्या, म्हणजे सहाव्या माशाला दोनच खवले होते.

तिथे मला शिंक आली होती. रेघ पुसली गेली आणि खवला परत काढायचा राहिला. गेल्या महिन्यात, क्लासच्या अंगणात, मी स्वतः मनाने रचलेली पहिली रांगोळी. ठिपके मोजण्याच्या नादात ओळखलीच नव्हती. बाई तेव्हा "ठीक आहे" एवढंच म्हणाल्या होत्या आणि फोटो काढला होता.

मी फोटो उलटला. मागे बाईंचं अक्षर : 'रचना – स्वतःची'. म्हणजे बाईंची.

मी खाली आणखी एक ओळ लिहिली : 'सहाव्या माशाला दोनच खवले.' आणि कागद दिला.

"हे काय गं? चूक कशाला लिहायची?"

"फोटोत आहे ते लिहिलं, बाई. चूक माझी आहे. रांगोळीपण."

बाईंनी चष्मा काढून पुसला. जरा जास्तच वेळ.

"अगं, ठिपके मांडायला कुणी शिकवलं तुला? क्लासमधलं सगळं क्लासचंच असतं. आभारात घालते की तुझं नाव."

"आभारात नको. रांगोळीखाली घाला."

"एका रांगोळीसाठी एवढं? डोक्यात हवा गेलीय तुझ्या."

गेलीच होती. त्यांनीच तर भरली होती, रोज थोडी थोडी. पेन उचलून त्यांनी माझी शेवटची ओळ खोडली, वहीतलं शुद्धलेखन सुधारावं तशी.

मी कागद त्यांच्या हाताखालून ओढून घेतला.

"फोटो आहे माझ्याकडे," बाई म्हणाल्या.

"मग मोजा ठिपके."

दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत मी जिन्याखाली आले. इतकं उलट मी कुणालाच कधी बोलले नव्हते. आणि वाईट याचं वाटत होतं की बाईंनी हाक मारली असती, तर मी अजूनही परत वर गेले असते.